गिऱ्हाईक घटलं की दिवाळी सरकली?

2025 सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यात, म्हणजे 13 ते 19 ऑक्टोबरला, पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कपड्यांच्या दुकानात 7,800 माणसं आली, असं समजू. 2024 च्या बेचाळिसाव्या आठवड्यात तिथेच 4,700 आली होती. रिपोर्टमध्ये हिरव्या रंगात ‘66 टक्के वाढ’ असं छापून येतं. दोनच आठवड्यांनी, चव्वेचाळिसाव्या आठवड्यात, यंदा 2,700 माणसं येतात आणि गेल्या वर्षीचा आकडा असतो 6,500. आता लाल रंगात ‘58 टक्के घट’. दुकान तेच, माल तोच, काउंटरवरची माणसंही तीच. पंधरवड्यात दुकानाची भरभराट झाली आणि लगेच ते बुडालंही, असं हा कागद सांगतो. खरं तर यातलं काहीच घडलेलं नाही. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरला आलं. दिवाळी अकरा दिवस अलीकडे सरकली आणि तिच्यासोबत गर्दीही सरकली.

दुकानांची नावं निघाली की हे आकडे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर येतात. घट दिसली की शाखेच्या मॅनेजरला जाब विचारला जातो, वाढ दिसली की पुढच्या हंगामासाठी जास्त माल भरला जातो, जागेचं भाडं ठरवतानाही हाच कागद पुढे केला जातो. म्हणून दुकानात येणाऱ्या माणसांची मोजणी, व्यापारी भाषेत फूटफॉल, सणांच्या हिशेबाने दुरुस्त कशी करायची, हे नीट समजून घ्यायला हवं. वर घेतलेलं दुकान आणि त्याचे आकडे समजुतीसाठी मांडलेले आहेत. तारखा मात्र सगळ्या खऱ्या आहेत, आणि गुंता तारखांमध्येच आहे.

आपले बहुतेक सण चांद्र तिथीवर चालतात आणि रिपोर्ट चालतो इंग्रजी महिन्यांवर. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असल्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत राहतात, आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होतं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ते 12 नोव्हेंबरवर गेलं. 2024 मध्ये 1 नोव्हेंबर, 2025 मध्ये 21 ऑक्टोबर. त्यामुळे ‘गेल्या वर्षीचा हाच आठवडा’ हा रिपोर्टमधला लाडका रकाना ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात जवळजवळ निरुपयोगी असतो. एकोणचाळिसावा आठवडाच पाहा. 2024 मध्ये तो 23 ते 29 सप्टेंबर होता, म्हणजे ऐन पितृपक्षात. 2025 मध्ये तो 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी सुरू झाला. अनेक घरांत जे पंधरा दिवस नवी खरेदी टाळतात, त्यांची तुलना नवरात्राशी होते आणि कागदावर मोठी वाढ दिसते.

यावर पहिला उपाय सोपा आहे. आठवड्यांना इंग्रजी तारखेने ओळखायचं सोडून सणापासूनच्या अंतराने ओळखायचं. लक्ष्मीपूजनाचा दिवस शून्य धरायचा. त्याच्या आधीचा दिवस उणे एक, नंतरचा अधिक एक. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात तारीख असेल, तर शेजारच्या रकान्यात एवढंच लिहावं लागतं:

```
=A2-DATE(2025,10,21)
```

आता शून्याच्या आधीचे तीन आठवडे आणि शून्यापासून पुढचा एक आठवडा, असे अठ्ठावीस दिवस दोन्ही वर्षांतून उचलायचे. 2024 मध्ये ते 11 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर येतात, 2025 मध्ये 30 सप्टेंबर ते 27 ऑक्टोबर. दोन्हींत दसरा आहे, धनत्रयोदशी आहे, भाऊबीज आहे. आपल्या दुकानात 2024 च्या या चार आठवड्यांत अनुक्रमे 4,600, 5,200, 8,400 आणि 3,300 माणसं आली, एकूण 21,500. 2025 मध्ये 4,350, 4,850, 8,100 आणि 3,000, एकूण 20,300. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास घट. रिपोर्टमधली 66 टक्के वाढही खोटी होती आणि 58 टक्के घटही. खरी गोष्ट या दोन्हींहून लहान आहे, पण दुकानदाराने लक्ष घालावं अशी नक्कीच आहे. सणाची दुरुस्ती न करण्यात मला सर्वांत मोठं नुकसान दिसतं ते हेच, की मोठ्या खोट्या आकड्यांच्या गोंगाटात लहान खरा आकडा ऐकूच येत नाही.

अशा जुळणीला आपल्या पंचांगाची एक मदतही होते. गणेश चतुर्थी, पितृपक्ष, नवरात्र, दसरा आणि दिवाळी हे सगळे एकाच माळेत ओवलेले आहेत. चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत 2022 मध्ये 54 दिवस होते, 2023 मध्ये 54, 2024 मध्ये 55 आणि 2025 मध्येही 55. एक तारीख धरली की बाकीच्या आपोआप जागेवर येतात. मात्र अधिक महिना या माळेच्या मध्येच पडला तर ती ताणली जाते. 2020 मध्ये अधिक आश्विन होता. त्या वर्षी गणपती 22 ऑगस्टला आले आणि लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला, मध्ये तब्बल 84 दिवस. गुढीपाडव्याचं घड्याळही वेगळं ठेवावं लागतं, कारण अधिक महिना बहुधा चैत्र आणि आश्विन यांच्या दरम्यान कुठेतरी पडतो. ईदचं तर पूर्णपणे वेगळं. त्या पंचांगात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरवर्षी अलीकडेच येत राहते: 2023 मध्ये 22 एप्रिल, 2024 मध्ये 11 एप्रिल, 2025 मध्ये 31 मार्च. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता, म्हणजे एकाच आठवड्याच्या शेवटाला दोन्ही सणांची खरेदी आली. ज्या बाजारात दोन्ही समाजांचं गिऱ्हाईक आहे, तिथे त्या वर्षीची पाडव्याची गर्दी जशीच्या तशी पुढच्या वर्षाला लावता येत नाही.

दोन वर्षांची जुळणी हंगाम संपल्यावर करता येते. पण रिपोर्ट दर सोमवारी निघतो आणि मालकाला त्याच सोमवारी कळायला हवं असतं की दुकान चढतंय की उतरतंय. त्यासाठी गुणक लागतो. सणाच्या त्या दिवसांत नेहमीच्या मानाने किती पट माणसं येतात, याचा तो आकडा. तो काढताना आधी ‘नेहमीचा आठवडा’ ठरवावा लागतो. सण, सेल, शाळा सुरू होण्याची धांदल यांपासून दूर असलेले आठवडे घ्यायचे आणि त्यांतला मधला आकडा धरायचा. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखाद्या बंदचा किंवा मुसळधार पावसाचा आठवडा त्याला फारसा ओढत नाही. आपल्या दुकानात 2024 चा नेहमीचा आठवडा 3,000 माणसांचा होता. दिवाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात 8,400 आली, म्हणून गुणक 2.8. असाच गुणक 2022 आणि 2023 साठी त्या त्या वर्षाच्या नेहमीच्या आठवड्यावरून काढायचा आणि तिन्हींमधला मधला घ्यायचा. प्रत्येक वर्षाला त्याचाच पाया लावण्याचं कारण असं, की दुकान वर्षागणिक वाढलं किंवा आक्रसलं असेल, तर ती वाढ-घट सणाच्या गुणकात मिसळू नये. 2020 आणि 2021 ही कोरोनाची वर्षं या हिशेबातून वगळावीत. त्या वर्षांतली गर्दी सणापेक्षा निर्बंधांवर ठरली होती.

सोमवार ते रविवार हा रिपोर्टचा आठवडा आणि लक्ष्मीपूजनापासून मोजलेला आठवडा क्वचितच एकमेकांवर चपखल बसतात. म्हणून गुणक दिवसांचे ठेवायचे आणि आठवड्यात जे दिवस पडतील त्यांची सरासरी काढायची. 2025 च्या बेचाळिसाव्या आठवड्यात उणे आठ ते उणे दोन हे दिवस पडले. म्हणजे शेवटच्या आठवड्यातले सहा दिवस आणि त्याच्या आधीचा एक. गुणक आला 2.75. आता 7,800 ला 2.75 ने भागलं की 2,836 मिळतात. याचा अर्थ असा, की सण नसता तर या आठवड्यात साधारण एवढी माणसं आली असती. चव्वेचाळिसावा आठवडा अधिक सहा ते अधिक बारा या दिवसांचा. दिवाळीनंतर लोक दमलेले असतात, खिसा रिकामा असतो आणि हवं ते घेऊन झालेलं असतं, म्हणून या दिवसांचा गुणक एकाहून कमी येतो. आपल्या दुकानात तो 0.95 निघाला. 2,700 भागिले 0.95 म्हणजे 2,842. एका आठवड्याचा आकडा हिरवा होता, दुसऱ्याचा लाल. दुरुस्तीनंतर दोन्ही एकाच पातळीवर आले, 3,000 च्या पाच टक्के खाली. आता दुकानदार विचारू शकतो की ही पाच टक्के माणसं कधीपासून आणि का कमी झाली. मागचे आठवडे याच पट्टीने पाहिले तर कदाचित असं दिसेल की उतार जूनमध्येच सुरू झाला, दुकानासमोरचं पार्किंग बंद झालं तेव्हापासून. दिवाळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दिवाळीनंतरचा हा खड्डा बरेच जण हिशेबात धरायला विसरतात. फक्त गर्दीचे आठवडे दुरुस्त करतात आणि नंतरचे तसेच सोडतात. मग दरवर्षी नोव्हेंबरमध्ये दुरुस्त रेषाही खाली जाते आणि दरवर्षी त्याच महिन्यात चिंतेची बैठक भरते. पितृपक्षाचंही तसंच. सण गर्दी आणतो तसा तो आजूबाजूच्या दिवसांतून खरेदी ओढूनही घेतो. दोन्ही बाजूंना गुणक लावले तरच हिशेब पुरा होतो.

आता या पद्धतीतला खरा अवघड भाग. वरच्या चार आठवड्यांकडे पुन्हा पाहिलं तर घट सगळीकडे सारखी नाही. पहिल्या आठवड्यात ती साडेपाच टक्क्यांच्या जवळ आहे, दुसऱ्यात पावणेसात, शेवटच्यात नऊ. पण ऐन दिवाळीआधीच्या आठवड्यात फक्त साडेतीन. त्या आठवड्यात दुकान सावरलं का? वारांकडे पाहा. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन शुक्रवारी होतं, त्यामुळे आधीचे शनिवार-रविवार उणे सहा आणि उणे पाचवर पडले. 2025 मध्ये ते मंगळवारी होतं. शनिवार-रविवार थेट उणे तीन आणि उणे दोनवर आले, आणि धनत्रयोदशीही शनिवारीच. नोकरदार घरांना खरेदीला सुट्टीचे दिवस सणाच्या तोंडावर मिळाले. या सोयीने घटीचा काही भाग झाकला गेला. सणापासूनचं अंतर जुळवलं तरी वार जुळत नाहीत, आणि दोन्ही एकदम जुळणारी वर्षं फार कमी मिळतात.

इथे सहज सुचणारा मार्ग म्हणजे वाराचा गुणक वेगळा काढून तो सणाच्या गुणकाला गुणायचा. नेहमीच्या आठवड्यात रविवारी इतर दिवसांच्या दीडपट माणसं येत असतील, तर दिवाळीतही रविवारला दीडने गुणायचं. असं केलं की अंदाज हमखास फुगतो. दिवाळीच्या शेवटच्या आठवड्यात बुधवारीसुद्धा दुकान भरलेलं असतं, लोक रजा टाकून किंवा ऑफिस सुटल्यावर येतात. रविवार आणि बुधवार यांतलं अंतर त्या दिवसांत आपोआप कमी होतं. शिवाय दुकानात मावतील एवढीच माणसं आत येणार. दारात रांग लागली की मोजणी थांबते, गर्दी थांबत नाही. म्हणून वाराचा परिणाम सणाच्या दिवसांसाठी वेगळा मोजावा लागतो, आणि तो नेहमीच्यापेक्षा सौम्य धरावा लागतो.

तो अचूक किती सौम्य, हे सांगायला पुरेशा दिवाळ्या हाताशी नसतात. दिवाळी वर्षातून एकदाच येते. चार वर्षांची नोंद असली तरी ‘उणे तीन’ या दिवसाचे चारच आकडे मिळतात, आणि त्यांतला शनिवार कदाचित एकच. अशा वेळी अठ्ठावीस दिवसांचे अठ्ठावीस स्वतंत्र गुणक मोठ्या ऐटीने मांडणं चूक आहे. ते गेल्या वर्षांच्या योगायोगांची नक्कल करतात. त्यापेक्षा दिवसांचे गट पाडावेत: दसऱ्यापर्यंतचे, मधले, शेवटचा आठवडा, प्रत्यक्ष सण आणि नंतरचे. गुणक मोजके असले की ते टिकतात. दुरुस्त आकड्यासोबत थोडी मोकळीकही ठेवावी. 2,836 असा आकडा आला तरी रिपोर्टमध्ये ‘साधारण 2,700 ते 3,000’ असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरतं. तीन दिवाळ्यांवर काढलेल्या गुणकाला शेवटच्या अंकापर्यंतचा नेमकेपणा शोभत नाही.

संख्याशास्त्रज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्यात ज्युलियस शिस्किन यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये एक्स-11 ही पद्धत तयार झाली, आणि तिची आजची आवृत्ती जगभरची सरकारी आकडेवारी हंगामानुसार दुरुस्त करायला वापरली जाते. 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान सरकणाऱ्या ईस्टरची सोय तिच्यात मुळातच आहे. दिवाळीच्या तारखा मात्र आपण भरून द्याव्या लागतात. दुसरी अडचण अशी की ती महिन्यांच्या आणि तिमाहीच्या आकड्यांसाठी आहे. आठवड्यांचे आकडे तिच्यात बसत नाहीत, कारण वर्षात पूर्ण बावन्न आठवडे नसतात, एक-दोन दिवस उरतात आणि काही वर्षांनी त्रेपन्नावा आठवडा उगवतो. एका दुकानासाठी वर सांगितलेली साधी भागाकाराची रीत पुरते, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा मोठा गुण म्हणजे ती मालकाला कागदावर तपासून पाहता येते.

ती बरोबर बसली की नाही हेही तपासता येतं. 2022 आणि 2023 वरून गुणक काढायचे आणि 2024 ला लावायचे. दुरुस्त रेषेत दिवाळीच्या जागी अजून उंचवटा दिसला तर गुणक कमी पडला. तिथे खड्डा दिसला तर गुणक जास्त धरला गेला. रेषा सण ओलांडून सपाट जात असेल तर तो पुढच्या वर्षी वापरायला हरकत नाही. एका शाखेचा गुणक दुसरीला लावून मात्र चालत नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाला अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीमुळे गिऱ्हाईकाचा दिवस गमवावा लागतो. 2024 मध्ये तो मंगळवार होता, 17 सप्टेंबर. 2025 मध्ये शनिवार, 6 सप्टेंबर, आणि मिरवणूक रविवारपर्यंत लांबली. त्याच गावातल्या मॉलमधल्या शाखेला हे नुकसान नाही. आणि शाखा इंदूर किंवा दिल्लीत असेल तर शून्याचा दिवसही तपासून घ्यावा. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ते 31 ऑक्टोबरला झालं. 2025 मध्येही असाच एका दिवसाचा फरक पडला.

मोजणीच्या यंत्राचाही एक दोष सणातच डोकं वर काढतो. दाराला आडव्या अदृश्य किरणाचं यंत्र असेल, तर खांद्याला खांदा लावून आत आलेल्या तिघी त्याला एकच माणूस वाटतात. नेहमीच्या दिवशी ही चूक थोडी असते, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बरीच. म्हणून ऐन गर्दीत अर्धा तास दारात उभं राहून हाताने मोजावं आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावं. यंत्र दरवर्षी तेच असेल तर गुणकात ही चूक सामावली जाते. मधल्या काळात छतावरच्या कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं असेल, तर जुने गुणक टाकून द्यावे लागतात. नाहीतर नव्या यंत्राची अचूकता दुकानाची वाढ म्हणून मिरवली जाते.

दुरुस्ती कुठे थांबवायची, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पंचांगाला आधीपासून ठाऊक होतं तेवढंच आकड्यातून काढायचं. बाकी सगळं राहू द्यायचं. 2025 मध्ये जीएसटीचे नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के कर आला. दर कमी होणार ही चर्चा 15 ऑगस्टपासून होती, त्यामुळे काहींनी खरेदी पुढे ढकलली असणार. पितृपक्ष 21 तारखेला संपला आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापना आणि नवे दर एकत्र आले. पितृपक्षाचा नेहमीचा गुणक लावूनही सप्टेंबरचे आकडे खाली राहिले आणि नवरात्राचा गुणक लावूनही ते वर गेले, तर उरलेला फरक खरा आहे. तो दिसायलाच हवा. त्याच महिन्यात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने पिकं गेली. तिथल्या दुकानात दिवाळीला माणसं कमी आली असतील, तर तो आकडा गुणक वाढवून-घटवून गुळगुळीत करणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या घरात काय झालंय ते कागदावरून पुसून टाकणं. 2025 चा गुणक पुढच्या वर्षांसाठी वापरतानाही अशा दुकानांनी ते वर्ष बाजूला ठेवावं.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. त्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला, दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी येतं. बेचाळिसावा आठवडा या वर्षी 12 ते 18 ऑक्टोबरचा, म्हणजे नवरात्राचा. 2025 मध्ये तोच ऐन दिवाळीच्या गर्दीचा होता. आपल्या दुकानात नवरात्रातल्या या दिवसांचा गुणक सव्वा धरला आणि दुकान आहे त्याच पातळीवर राहिलं, तर तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं येतील आणि कच्चा रिपोर्ट निम्म्याहून जास्त घट दाखवेल. पंचेचाळिसाव्या आठवड्यात, 2 ते 8 नोव्हेंबरला, तो तेवढ्याच जोरात वाढ दाखवेल. वारांच्या जुळणीसाठी 2023 चं वर्ष उपयोगी पडेल, कारण तेव्हाही लक्ष्मीपूजन रविवारीच होतं. त्या वर्षीचे रोजचे आकडे अजून जुन्या यंत्रात पडून असतील तर ते आत्ताच उतरवून घ्यावेत.